काटा तीसवर गेला म्हणजे व्हॅक्युम झाला का?

प्रश्न: पर्वरीला नव्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा आर-३२ स्प्लिट एसी बसवला. बसवणारा म्हणाला, थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा काढतो, व्हॅक्युम लागत नाही. मी हट्ट धरला तेव्हा दहा मिनिटं पंप लावला, काटा तीसवर गेला आणि म्हणाला, झालं. नायट्रोजनचं विचारलं तर म्हणे, नव्या पाइपला कशाला? आता मशीन चालू आहे, थंडही करतंय. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर:

मशीन थंड करतंय, त्यावरून काम नीट झालं की नाही हे ठरत नाही. पाइपमध्ये ओलावा राहिलेलं मशीनही पहिल्या दिवशी झकास थंड करतं. बारीक गळती असेल तर पहिला उन्हाळा निघून जातो, दुसऱ्या उन्हाळ्यात कूलिंग कमी पडतं, कोणीतरी येऊन गॅस भरून जातो आणि गळती तिथेच राहते. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्यात. जोड दाब धरतात का, आणि पाइप आतून कोरडा झाला होता का. पहिलीचं उत्तर पाइपात दाबाने भरलेला नायट्रोजन देतो, दुसरीचं व्हॅक्युम. एकाचं काम दुसरा करत नाही.

मी फोंड्याला राहतो, बावीस वर्षं हेच काम करतो. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा गॅस सोडूनच हवा काढत होतो, कारण शिकवणाऱ्याने तसंच शिकवलं होतं. जुन्या आर-२२ गॅसच्या काळात ते खपून गेलं. त्या मशीनमधलं खनिज तेल ओलाव्याशी फारसं सलगी करत नाही. आर-३२ च्या मशीनमध्ये बहुतेक करून एस्टर जातीचं तेल असतं, आणि ते पाणी मिठासारखं ओढून घेतं. पाणी आणि हे तेल कॉम्प्रेसरच्या उष्णतेत एकत्र राहिले की हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगचं वरचं आवरण खातं. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो. बंद खोलीत, इनडोअरच्या मागे तो सोडून हवा ‘काढणं’ ही पद्धत आता पूर्णपणे सोडूनच द्यायला हवी. तुम्ही हट्ट धरलात ते योग्यच केलंत.

आता काट्याचं. तुमच्या माणसाने दाखवला तो निळा गेज शून्याच्या खाली पाऱ्याच्या तीस इंचांपर्यंत जातो. व्हॅक्युम मोजायचं खरं माप मायक्रॉन. पाऱ्याच्या एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या भोवतीची हवा ७,६०,००० मायक्रॉनच्या आसपास, आणि आपल्याला पाइपमध्ये उतरायचं असतं ५०० च्या खाली. २०,००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन यांच्यातला फरक त्या गेजवर पाऊण इंचाचा, म्हणजे जवळजवळ काट्याच्या जाडीएवढा. आणि गोव्यातल्या तीस अंशांत पाणी उकळायला लागतं ते साधारण ३२,००० मायक्रॉनला, म्हणजे काटा पावणेएकोणतीसच्या आसपास असताना. थोडक्यात, डोळ्याला काटा तळाला टेकलेला दिसतो, तेव्हा कुठे आतलं पाणी उकळायला लागलेलं असतं. तिथे पंप बंद केला तर हवा गेलेली असते, पाणी आतच असतं.

हवेला वेळ लागत नाही. सात मीटरच्या अर्धा इंची पाइपची पोकळी लिटरभरसुद्धा भरत नाही, इनडोअरची कॉइल धरली तरी चांगला पंप ती हवा दोन-तीन मिनिटांत काढतो. वेळ लागतो तो पाण्याला. पाण्याचा एक थेंब वाफ झाला आणि दाब ५०० मायक्रॉनला असला तर ती वाफ साधारण शंभर लिटर जागा व्यापते. एवढी सगळी वाफ पाव इंची बारीक होजमधून, सर्व्हिस पोर्टच्या पिनला वळसा घालून पंपापर्यंत ओढायची असते. म्हणून ‘किती मिनिटं पंप लावला’ या प्रश्नाला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. पाइप कोरडा, दोन्ही टोकांना टोप्या लावून ठेवलेला आणि हवा कोरडी असेल तर तुमच्या दहा मिनिटांतही कदाचित काम झालं असेल. आषाढात उघडा पडलेला पाइप असेल तर दीड तासही कमी पडतो. घड्याळाऐवजी मायक्रॉन गेज बघायचा, आणि पंप बंद केल्यावर तो काय करतो ते बघायचं.

हे एका कामावरून सांगितलं तर नीट कळेल. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये साखळीला एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो होतो. जुनं चिऱ्याचं घर, दीड टनाचं मशीन, पाव इंची आणि अर्धा इंची पाइप, लांबी सात मीटर. पाइप दुसऱ्या कोणी दोन दिवस आधी भिंतीतून ओढून ठेवले होते आणि टोकं तशीच उघडी होती. आउटडोअरकडचं टोक वळचणीखाली, पावसाच्या तोंडाशी. मी हात लावून बघितलं तर पाइपच्या कडेला चिऱ्याची लाल माती लागलेली. तिथेच मनात खूणगाठ बांधली की आज घाई नाही.

चारही फ्लेअर जोड, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून नटाने आवळलेले जोड, घट्ट करून आधी नायट्रोजन लावला. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह कंपनीतून बंद येतात. ते बंदच ठेवायचे आणि जाड पाइपच्या व्हॉल्व्हवरच्या सर्व्हिस पोर्टमधून नायट्रोजन सोडायचा. मग तो फक्त पाइपात आणि इनडोअरमध्ये जातो, आउटडोअरमधला गॅस जिथल्या तिथे राहतो. सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या घरात दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय होज लावायची नाही, सिलिंडर उभा बांधून ठेवायचा. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कोणी ऑक्सिजन लावत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. ऑक्सिजन दाबाखाली तेलाला भेटला की स्फोट होतो. टायरवाल्याकडची हवाही चालत नाही, तिच्यात ओलावा असतो.

दाब किती, हे मशीनवर अवलंबून आहे, आणि इथे मी एकच आकडा सांगणार नाही. काही कंपन्यांच्या पुस्तकात आर-३२ साठी सहाशे पीएसआयच्या आसपास चाचणी लिहिलेली असते. पण फक्त थंड करणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये इनडोअरची कॉइल कमी दाबाच्या बाजूला येते आणि इनडोअरच्या लेबलवर त्या बाजूची मर्यादा बरीच कमी दिलेली असते. ती ओलांडायची नाही. पुस्तकात काही नसेल आणि लेबल परवानगी देत असेल तर मी ३५० वर थांबतो. हा आकडा हवेतून काढलेला नाही. बंद पडलेल्या मशीनमध्ये तीस अंशांना आर-३२ चा दाब २६५ पीएसआयच्या आसपास असतो. मशीन चालू असताना मात्र दोन्ही पाइपांत दाब त्याच्या निम्म्याच्याही खाली येतो, कारण गॅसचा दाब उतरवणारा भाग आउटडोअरमध्येच असतो. म्हणजे तुमच्या जोडांवर खरा ताण येतो तो मशीन बंद असताना. चाचणी त्या दाबापेक्षा वर नेली तरच तिला अर्थ आहे.

एकदम ३५० ला नेत नाही. आधी ५० ला थांबून कान देतो, मोठी गळती फुसफुसते. मग १५० ला पाच मिनिटं, मग ३५०. गुरुजींकडे अकराला ३५० लावले आणि गेजच्या काचेवर मार्करने रेघ मारली. त्यावेळी बाहेरचं तापमान २९ होतं. साडेअकराला काटा ३३८ वर.

इथे बरेच जण म्हणतात, थंडाव्याने उतरलं असेल. तापमानाने दाब बदलतो हे खरं, पण किती बदलतो याला हिशेब आहे. ३५० ला एका अंशामागे सव्वा पीएसआय. दुपारी चौतीस अंशांत ३५० लावून संध्याकाळी एकोणतीस अंशांत ३४४ दिसले तर ती गळती नव्हे. पण साखळीला पाऊस धरलेला होता, तापमान अर्ध्या अंशानेही हललं नव्हतं. बारा पीएसआय गेले म्हणजे कुठूनतरी गेलेच.

साबणाचं पाणी घट्ट करून ब्रशने चारही जोडांना लावलं. आउटडोअरचे दोन स्वच्छ. इनडोअरचा बारीक जोडही स्वच्छ. जाड पाइपच्या जोडावरही आधी काही दिसेना. मोबाइलची बॅटरी धरून बघत राहिलो. दोनेक मिनिटांनी नटाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, मोहरीएवढे बारीक बुडबुडे एकाला एक चिकटून वर यायला लागले. पांढऱ्या फेसाची एक छोटी मिशीच. समोरून बघणाऱ्याला ती दिसलीच नसती. अशा गळतीला व्हॅक्युममध्ये मायक्रॉन गेजने कुरकूर केली असती, पण जागा कळली नसती. व्हॅक्युममध्ये दाबातला फरक जास्तीत जास्त पंधरा पीएसआयचा असतो, तोही बाहेरून आत. काही जोड आतून ढकललं तरच उघडतात. नव्या पाइपला नायट्रोजन कशाला, याचं उत्तर हेच. पाइप नवा असला तरी जोड हाताने केलेले असतात.

सगळा दाब खिडकीबाहेर सोडला आणि मगच नट उघडला. दाबाखाली नट कधीच सैल करायचा नाही. फ्लेअरच्या तोंडावर नखात अडकेल असा एक चरा होता, आणि नटाच्या आत लाल मातीचा कण. पाइप भिंतीतून ओढताना टोकावर टोपी नव्हती, चिऱ्याची भुकटी आत गेली, आणि त्यावरच फ्लेअर केलेला. टोक कापलं, तोंड खाली धरून आतली कड घासली म्हणजे चुरा पाइपात पडत नाही, नवा फ्लेअर केला. त्याच्या तोंडावर त्याच जातीच्या तेलाचा थेंब लावून टॉर्क रिंचने घट्ट केला. अर्धा इंचीला साधारण ५५ आणि पाव इंचीला १६ न्यूटन-मीटर, पण पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं. जोर लावून जास्त आवळला की तांबं पातळ होऊन चिरतं, तेही बऱ्याचदा सहा महिन्यांनी. पुन्हा ३५० लावले. तासभर काटा रेघेवरून हलला नाही.

भिंतीबाहेरून नेलेल्या पाइपला ही चाचणी मी एक तास धरतो. पर्वरी-म्हापशाकडच्या नव्या इमारतींत बिल्डर पाइप भिंतीत पुरून ठेवतात, तिथे रात्रभर ठेवावं असं माझं ठाम मत आहे, आणि तेही प्लास्टर व्हायच्या आधी. नंतर गळती सापडली तर भिंत फोडणं आलं. तुमचा फ्लॅट त्यातला असेल तर ही गोष्ट तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची.

आता व्हॅक्युम. दोन टप्प्यांचा पंप, नवं तेल, जाड होज, आणि सर्व्हिस पोर्टमधली पिन काढायचं टूल. ती पिन होजच्या वाटेत बूच घातल्यासारखी बसते, ती काढली तर वेळ निम्म्यावर येतो. मायक्रॉन गेज पंपाजवळ नाही, पाइपच्या बाजूला लावायचा. पंपाजवळ लावला तर तो पंपाचंच कौतुक सांगतो. सुरुवातीची काही मिनिटं पंपाचा गॅस बॅलास्ट उघडा ठेवायचा, म्हणजे ओढलेली वाफ तेलात पाणी होऊन बसत नाही.

साखळीला आकडा भराभर उतरला आणि चार हजारांच्या आसपास येऊन अडकला. पंचवीस मिनिटं तिथेच घुटमळत राहिला. आत पाणी आहे, याची ही खूण. अशा वेळी नुसता पंप चालू ठेवणं फसवं असतं. साडेचार हजार मायक्रॉनच्या खाली उरलेलं पाणी गोठू शकतं, आणि बर्फातून वाफ फार सावकाश निघते. मी पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपमध्ये कोरडा नायट्रोजन थोडासा सोडला, शून्याच्या जरा वर येईपर्यंत. दहा मिनिटं तसंच ठेवलं. नायट्रोजन बर्फाला ऊब देतो, ओलावा आपल्यात घेतो, मग तो बाहेर सोडून द्यायचा. तेवढ्यात पंपाचं तेल बघितलं, चहात दूध घातल्यासारखं पांढुरकं झालं होतं. अशा तेलावर कुठलाच पंप पाचशेपर्यंत पोचत नाही. तेल बदललं आणि पुन्हा ओढलं. दुसऱ्या वेळी अकराशेपर्यंत आलो. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा पंप. तिसऱ्यांदा ३८०.

तेवढ्यात वीज गेली. पावसाळ्यात आपल्याकडे हे ठरलेलंच, म्हणून पंपाजवळचा व्हॉल्व्ह कायम हाताशी ठेवायचा. पंप थांबला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर व्हॅक्युम पंपाचं तेल पाइपमध्ये ओढून घेऊ शकतो. मी लगेच बंद केला.

वीज नसली तरी पुढची चाचणी थांबत नाही, कारण ती पंप बंद करूनच करायची असते. व्हॉल्व्ह बंद, गेज चालू, दहा मिनिटं बघत राहायचं. आकडा थोडा चढणारच. तो कसा चढतो यात सगळं आहे. एका उंचीवर येऊन थांबला आणि ती उंची हजाराच्या वर असेल तर ओलावा उरला आहे. थांबतच नाही, एका चालीने चढतच राहतो, तर गळती आहे. मात्र आधी होजचे आपलेच रबर आणि जोड तपासा, माझी स्वतःची होज मला दोनदा फसवून गेली आहे. गुरुजींकडे ३८० वरून ६२० ला गेला आणि तिथेच बसला. तेव्हा कुठे गॅसचे व्हॉल्व्ह उघडले, आधी बारीक पाइपचा जरासा, पाइपात दाब आल्यावर दोन्ही पूर्ण.

गुरुजी सकाळपासून बघत होते. म्हणाले, “शेजाऱ्यांचं तर तासाभरात बसवून गेले होते.” मी म्हटलं, “गुरुजी, पाइप टोप्या लावून ठेवले असते तर मलाही जेवणाआधी घरी जाता आलं असतं.”

व्हॉल्व्ह उघडल्यावर एक काम बहुतेक जण विसरतात. नायट्रोजनच्या चाचणीत आउटडोअरच्या व्हॉल्व्हचे दांडे बंद होते, त्यामुळे त्यांच्या भोवतीची गळती त्या चाचणीत दिसत नाही. गॅस सोडल्यावर दांड्यांना आणि सर्व्हिस पोर्टला पुन्हा साबण लावायचा आणि पितळी टोप्या घट्ट बसवायच्या. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत त्या टोप्यांना आणखी महत्त्व आहे.

आता तुमचं मशीन. गॅस सोडून झाला आहे, त्यामुळे नायट्रोजन लावायची वेळ गेली. पण गळती अजून तपासता येते. मशीन बंद करून अर्धा तास जाऊ द्या. वर सांगितलं तसं, बंद मशीनमध्ये दाब आपोआप २६५ च्या घरात येतो. मग चारही जोड, व्हॉल्व्हचे दांडे आणि सर्व्हिस पोर्ट यांना घट्ट साबणाचं पाणी लावून प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं बघायला सांगा, नटाच्या मागच्या बाजूलाही, आरसा धरून. इनडोअरचे जोड इन्सुलेशनखाली असतात, ते सोडवूनच बघायचे. चालू मशीनवर केलेली साबणाची तपासणी मी धरत नाही, तेव्हा दाब निम्म्याहून कमी असतो आणि जाड पाइपवर दव धरतं.

ओलाव्याचं मात्र बाहेरून मोजून सांगता येत नाही. बसवणाऱ्याला एकच विचारा, पाइप किती वेळ उघडे होते आणि टोप्या होत्या का. कारखान्यातून टोप्या लावून आलेला पाइप त्याच दिवशी जोडला असेल आणि हवा कोरडी असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर मशीन उघडलं नसतं. पाइप बिल्डरने महिनोन् महिने भिंतीत उघडा ठेवलेला असेल, किंवा पावसात काम झालं असेल, तर वॉरंटी चालू आहे तोवरच पुन्हा करून घ्या. त्यासाठी गॅस आउटडोअरमध्ये परत ओढून घेतात, मग पाइप रिकामा करून नायट्रोजन आणि व्हॅक्युम वर सांगितल्याप्रमाणे. तेलात शिरलेला ओलावा त्यामुळे पूर्ण निघत नाही, पण पाइपात आणि कॉइलमध्ये उरलेला निघतो, आणि लवकर केलं तर तेलात गेलेला भागही थोडा असतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळा. साबणाच्या तपासणीत गळती दिसली असेल तर गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायला कोणालाही देऊ नका. ओढताना पाइपातला दाब शून्याखाली गेला की गळतीतून हवा आत शिरते, आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा, तेल आणि दाब एकत्र आले की तो फुटू शकतो. गळती असलेल्या मशीनमधला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढायचा, जोड नवा करायचा, आणि मग लेबलवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. पाइप लेबलवरच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर वरच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम, हेही पुस्तकात दिलेलं असतं. तुमची पाइपची लांबी आणि पाइप बिल्डरने भिंतीत पुरलेला की भिंतीबाहेरून नेलेला, एवढं कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगतो.